न दुखणारं भाजणं



भाजलेल्या जखमेबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: जितकं जास्त दुखतं तितकं जास्त भाजलंय. ही समजूत चुकीची आहे, आणि भाजलेल्या माणसाला दवाखान्यात आणायला उशीर होतो त्याचं एक मोठं कारण ही समजूत आहे. आज मी एवढ्याच विषयावर बोलणार आहे. जखमेचा रंग, तिच्यावरचे फोड आणि तिची वेदना या तीन गोष्टींवरून भाजणं किती खोल गेलंय हे कसं ओळखतात, ही ओळख कुठे फसते, आणि कोणतं भाजणं घरी ठेवायचंच नाही.

प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा अध्याय आहे. त्यात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार दिले आहेत. ही वाटणी करताना सुश्रुताने त्वचेचा रंग पालटणं, फोड येणं, आग होणं आणि वेदना या खुणा वापरल्या. अतिदग्धाच्या लक्षणांत तर ताप, तहान आणि मूर्च्छा येतात. आज आपण ज्याला शॉक म्हणतो त्याचंच हे वर्णन आहे असं मला वाटतं. तापलेलं तेल-तूप सूक्ष्म शिरांमधून आत शिरतं आणि म्हणून जास्त त्रास देतं, असंही तिथे म्हटलंय. कारणमीमांसा आज पटणार नाही, पण निरीक्षण अचूक आहे. युरोपात फाब्रिसियुस हिल्डानुस या शल्यवैद्याने १६०७ साली भाजण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तीन पायऱ्या सांगितल्या. आजही डॉक्टर ‘फर्स्ट डिग्री’, ‘सेकंड डिग्री’ म्हणतात ते त्याच परंपरेतलं. मी मात्र आज डिग्रीचे आकडे बाजूला ठेवणार आहे. जखम त्वचेच्या कुठल्या थरापर्यंत पोचली हे कळलं की आकड्यांची गरज उरत नाही.

तेव्हा आधी थर पाहू. सगळ्यात वर बाह्यत्वचा. हाता-पायांच्या तळव्यांवर ती जाड असते, बाकी शरीरावर कागदाइतकी पातळ. तिच्यात रक्तवाहिनी नसते. तिच्याखाली अंतस्त्वचा, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीची. आपल्या कामाचं सगळं इथे आहे. रक्तवाहिन्यांची बारीक जाळी आणि वेदना पोचवणारे मज्जातंतू या थरात आहेत. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी याच थरातून खाली उतरतात, आणि या मुळांच्या भिंतींना बाह्यत्वचेच्याच पेशींचं अस्तर असतं. त्याखाली चरबी.

एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं पाठ करावं लागत नाही. रंग म्हणजे रक्तवाहिन्या जिवंत आहेत की नाहीत याची खबर. वेदना म्हणजे मज्जातंतू जिवंत असल्याची खबर. फोड म्हणजे वरचा थर खालच्यापासून सुटला आणि मध्ये वाहिन्यांतून पाझरलेला द्रव साठला. आणि जखम आपली आपण भरेल की नाही, हे केसांच्या मुळांशी असलेलं पेशींचं अस्तर किती खोलपर्यंत शाबूत आहे त्यावर ठरतं. नवी त्वचा तिथूनच उगवून वर येते.

आता एक रुग्ण सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दिवाळीच्या आधीचे दिवस, संध्याकाळची वेळ. चाळिशीतल्या एक बाई चकल्या तळत होत्या. कढई उतरवताना कान सुटला आणि तेल उजव्या हातावर आलं. तळणाचं तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस असतं. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि ते अंगावरून ओघळून जातं. तेल चिकटून राहतं. त्वचेच्या बाबतीत किती तापमान आणि किती वेळ या दोन्हींचा हिशोब असतो. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकन संशोधकांनी हा हिशोब मांडून दाखवला. ४४ अंशांच्या उष्णतेला त्वचा जाळायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाच-एक सेकंद पुरतात. बाईंच्या मनगटात काचेच्या बांगड्या होत्या. तेल त्यांच्याखाली अडकलं.

घरच्यांनी हात नळाखाली धरला, पण दोनच मिनिटं. मग शेजारच्या घरातून टूथपेस्ट आली आणि ती लावली गेली. रात्रभर बाई कळवळत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि हाताचा पुढचा भाग दाखवून म्हणाल्या, “डॉक्टर, इथे बघा, जीव जातोय. मनगटाचं काही नाही, तिथलं रात्रीच थांबलं.”

टूथपेस्ट धुऊन काढल्यावर एकाच हातावर तीन वेगवेगळी भाजणी दिसली. कोपराजवळ शिंतोडे उडाले होते. तिथली त्वचा कोरडी, गरम, फोड नाही, हात लावला की चुरचुर. हे फक्त बाह्यत्वचेपुरतं भाजणं. उन्हाने पोळल्यावर होतं ते हेच. तीन ते सात दिवसांत वरची साल निघते, खाली डाग राहत नाही. किती टक्के अंग भाजलं याचा हिशोब करताना डॉक्टर हा भाग धरतसुद्धा नाहीत.

कोपर आणि मनगट यांच्या मध्ये लिंबाएवढे दोन मोठे फोड होते, एक फुटलेला. फुटलेल्या फोडाच्या तळाशी ओलसर, चकचकीत गुलाबी पृष्ठभाग दिसत होता. निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने हलकेच दाबलं की तो पांढरा पडे आणि बोळा काढताच दोन सेकंदांच्या आत गुलाबी होई. बोळा लागताच बाई ओरडल्या. वाऱ्याची झुळूकही सहन होत नव्हती. हे अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत गेलेलं भाजणं. वाहिन्यांतून रक्त फिरतंय म्हणून रंग परत येतो, आणि मज्जातंतू जिवंत, पण वरचं झाकण गेल्याने उघडे पडलेले, म्हणून इतकं दुखतं. आम्ही त्यांना सांगितलं की हा भाग दोन आठवड्यांत आपला आपण भरेल. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण दुखत होतं ते इथेच.

मग मनगट आणि हाताची पाठ. बांगड्यांच्या खाली आणि तिथून हाताच्या पाठीवर विड्याच्या पानाएवढा एक पट्टा. फोड जवळजवळ नाहीत. रंग काही ठिकाणी मेणासारखा पांढुरका, काही ठिकाणी गडद लाल ठिपके. पृष्ठभाग कोरडा. लाल भागावर दाबलं तर लाली हलली नाही. न हलणारी लाली ही वाईट खूण आहे. वाहिन्या फुटून रक्त ऊतींत साकळलेलं असतं, ते वाहतच नसतं, मग दाबल्यावर जाणार कुठे? पांढऱ्या भागावर सुईचं टोक टेकवलं. बाईंना काहीतरी टेकलंय एवढं कळलं, टोचल्याचं कळलं नाही. एक-दोन केस चिमट्याने ओढले, ते सहज निघून आले. हे अंतस्त्वचेच्या खालच्या भागापर्यंत गेलेलं भाजणं होतं, आणि मधला काही भाग त्याहूनही खोल. ज्याला त्या “मनगटाचं काही नाही” म्हणत होत्या, त्यासाठीच त्यांना दवाखान्याची गरज होती.

याच्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण जाडीचं भाजणं. त्यात त्वचा चामड्यासारखी कडक, पांढरी, तपकिरी किंवा कोळशासारखी काळी होते. कधी आरपार पिवळट होऊन तिच्यातून साकळलेल्या शिरांच्या रेघा दिसतात. दाबून रंग बदलत नाही, टोचून कळत नाही. कडेला थोडं उथळ भाजलेलं असतं, तिथे दुखतं, आणि त्यामुळे माणूस म्हणतो की दुखतंय, म्हणजे ठीक आहे. म्हणून विचारताना ‘दुखतंय का’ असं मोघम न विचारता ‘इथे, मधोमध, दुखतंय का’ असं विचारायचं. सुई टोचणं किंवा केस ओढणं या गोष्टी मात्र डॉक्टरांसाठी सोडा. घरी त्यांनी संसर्गाची भर पडेल, दुसरं काही नाही.

आता रंगाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण पुस्तकं इथे आपल्याला फसवतात. बहुतेक पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात. ‘लाल’, ‘गुलाबी’, ‘दाबल्यावर पांढरं’ ही वर्णनं तिथली आहेत. आपल्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर उथळ भाजण्याची लाली लाल दिसत नाही. ती आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद, तांबूस-तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली तर दिसतच नाही. अशा वेळी हाताच्या पाठीने दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहणं आणि दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करणं जास्त भरवशाचं. त्वचेचं रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या तळाशी असतं. फोडाचं आवरण निघालं की ते रंगद्रव्य त्याच्याबरोबर जातं आणि खालचा तळ सगळ्यांचाच गुलाबी असतो. त्यामुळे सावळ्या माणसाच्या हातावर साल निघाल्यावर एकदम फिकट, गुलाबी-पांढरं काही दिसलं की घरचे घाबरतात. तो पांढरा आणि मेणासारखा पांढरा यांत फरक आहे. पहिला ओला असतो, दाबल्यावर रंग बदलतो, स्पर्श केला की झोंबतो. दुसरा कोरडा, न बदलणारा आणि मुका असतो. रंग एकट्याने साक्ष देत नाही, ओलावा आणि दाब यांच्यासह तो वाचायचा.

टूथपेस्टचं दुखणं हेच आहे. शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, पिवळं मलम, यांतलं काहीही लावलं की जखमेतली उष्णता आत कोंडते, जंतू जाण्याची शक्यता वाढते, आणि रंग झाकला जातो. डॉक्टरला जे वाचायचं असतं तेच पुसलं जातं. मग ते धुऊन काढताना रुग्णाला पुन्हा वेदना. दवाखान्यातलं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमसुद्धा याला अपवाद नाही. ते लावल्यावर एक-दोन दिवसांत जखमेवर पिवळट-राखाडी थर जमतो आणि तो खोल भाजल्यासारखा दिसतो. जखम विशेषज्ञांकडे पाठवायची असेल तर त्यांनी पाहण्याआधी ते लावू नये, असं मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

फोडाबद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे फोड येणं हे बऱ्याचदा बरं लक्षण असतं. फोड भरायला द्रव लागतो, आणि द्रव यायला खालच्या वाहिन्या जिवंत असाव्या लागतात. घटनेनंतर लगेच आलेला मोठा, पातळ आवरणाचा, पिवळसर पारदर्शक पाण्याचा फोड बहुधा उथळ भाजण्याचा असतो. फोडात रक्ताळलेलं पाणी असेल तर भाजणं खोल असण्याची शंका घ्यावी. पण ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका, कारण खरी परीक्षा फोडाची नसून त्याच्या तळाची आहे, आणि तळ झाकलेला असतो. दुसरी गोष्ट, घरी फोड फोडू नये. त्याचं आवरण म्हणजे तयार निर्जंतुक पट्टी. मोठे, ताणलेले, सांध्यावरचे फोड काढायचे की ठेवायचे याबद्दल डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. मी मोठे फोड काढतो, कारण मला तळ पाहायचा असतो. तळहातावरचे मात्र ठेवतो. तिथलं आवरण इतकं जाड असतं की ते चांगलं टिकतं, आणि काढलं तर रुग्णाला मूठ मिटवत नाही.

वेदनेची साक्ष कुठे खोटी ठरते? मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत. त्यांच्या पायाचे मज्जातंतू आधीच बधिर असतात. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आजोबा झोपतात. पिशवी ५० अंशांची असली तरी तास-दोन तास एकाच जागी राहते, आणि मघाचा तापमान व वेळेचा हिशोब आठवा. सकाळी सुनेला चादरीवर ओल दिसते, तेव्हा कळतं की टाचेला भाजलंय. इथे ‘दुखत नाही’ यावरून खोली कळत नाही. दुखलंच नसतं, उथळ असतं तरीही. अर्धांगवायूचा रुग्ण, दारूच्या नशेतला माणूस, फिटमध्ये चुलीवर पडलेला रुग्ण यांचं तेच. उलट लहान मूल सगळ्यालाच रडतं, तेव्हा रडणं थांबलं म्हणून निर्धास्त होऊ नये. ओल्या सिमेंटने तर सगळ्यांनाच फसवलंय. गवंडी गुडघे टेकून काम करतो, सिमेंट कपड्यात मुरतं, तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी गुडघे दुखायला लागतात तोवर क्षार अंतस्त्वचेत खोल गेलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची मर्यादा. पहिल्या दिवशीचा अंदाज हा अंदाजच असतो. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे दाखवले. केंद्रातला पूर्ण मेलेला. सगळ्यात बाहेरचा, रक्त जास्त धावल्यामुळे लाल झालेला, जो हमखास वाचतो. आणि या दोन्हींमधला, जिथे रक्त मंदावलंय, पेशी अजून जिवंत आहेत, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या वाचतील किंवा मरतील. हा मधला पट्टा मेला तर पहिल्या रात्री उथळ वाटलेली जखम तिसऱ्या दिवशी खोल झालेली असते. अनुभवी शल्यचिकित्सकाचाही नुसत्या डोळ्यांचा अंदाज साधारण तीनपैकी दोन वेळाच बरोबर येतो, आणि चुका बहुतेक मधल्या खोलीच्या जखमांत होतात. अगदी उथळ आणि अगदी खोल ओळखायला वेळ लागत नाही. त्वचेतलं रक्ताभिसरण मोजणारं लेझर डॉप्लर नावाचं यंत्र फार अचूक आहे, पण तेही दोन दिवस उलटल्यावरच भरवशाचं, आणि आपल्याकडे मोजक्या ठिकाणीच मिळतं. तेव्हा जखम पुन्हा पाहणं हाच व्यवहारातला मार्ग: पहिल्या दिवशी, आणि मग ४८ ते ७२ तासांनी.

हा मधला पट्टा वाचवण्यासाठी घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे, नळाचं साधं पाणी. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. दोन नव्हे, वीस. घड्याळ लावून. पहिल्या तीन तासांत कधीही केलं तरी उपयोग होतो, त्यामुळे टूथपेस्ट लावून झाली असली तरी ती धुऊन पाणी सोडावं. बर्फ नको. बर्फाने वाहिन्या आकसतात आणि तोच मधला पट्टा उपाशी मरतो. पाणी सोडतानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ काढा. तासाभरात सूज आली की काढता येत नाहीत, मग कापावी लागतात. मूल लहान असेल आणि बरंच अंग भाजलं असेल तर भाजलेल्या जागेवर पाणी, पण बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर ते गारठतं. नंतर स्वच्छ प्लास्टिकची पातळ फिल्म किंवा धुतलेला सुती कपडा सैल टाकायचा. फिल्म गुंडाळून आवळायची नाही. पारदर्शक फिल्मचा एक फायदा असा की ती न काढता डॉक्टरला रंग दिसतो.

त्या बाईंचं काय झालं ते सांगून टाकतो. तिसऱ्या दिवशी मनगटावरचा पट्टा पूर्ण पांढरा आणि कोरडा झाला होता, पहिल्या पाहणीत जिच्याबद्दल शंका होती ती कडसुद्धा गेली होती. पहिल्या आठवड्यातच आम्ही मेलेला थर पातळ पापुद्र्यांनी तासत गेलो, जिथे बारीक बारीक रक्ताचे थेंब उमटायला लागले तिथे थांबलो, आणि मांडीची पातळ त्वचा घेऊन तिथे रोपण केलं. ही पद्धत मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच या स्लोव्हेनियन शल्यचिकित्सक बाईंची. त्यांनी १९७० साली ती प्रसिद्ध केली, आणि हाताच्या भाजण्याचं भवितव्यच बदललं. त्याआधी मेलेली त्वचा आपोआप गळून पडायची वाट पाहत असत. तीन आठवड्यांहून जास्त वेळ घेऊन भरणारी जखम जाड, ताणलेला व्रण ठेवते. हाताच्या पाठीवर तो व्रण आकसला की बोटं मागे ओढली जातात, भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. बाईंचा पुढचा हात बाराव्या दिवशी भरला, रोपण टिकलं, काही महिने दाबाचा हातमोजा घालावा लागला. हाताची मूठ आज पूर्ण मिटते.

आता दुसरा भाग, कोणतं भाजणं घरी ठेवायचंच नाही. याची लांबलचक यादी वाचून दाखवली तर तुम्ही घरी जाईपर्यंत विसराल, म्हणून कारणांसह सांगतो.

पहिलं कारण खोली. पांढरं, चामड्यासारखं, काळं, कोरडं, न दुखणारं काहीही, ते आठ आण्याच्या नाण्याएवढं असलं तरी, डॉक्टरांनी पाहायलाच हवं.

दुसरं कारण जागा. चेहरा, डोळे, कान, हात, पाऊल, जननेंद्रियं आणि कुठलाही मोठा सांधा. इथे व्रण आकसला तर काम थांबतं. आमच्या बाईंचं एकूण भाजणं दोन-तीन टक्के होतं, पण हाताच्या पाठीवर होतं, एवढ्याने ते दवाखान्याचं झालं. हात, पाय, बोट किंवा छाती यांना वेढा घालून पूर्ण गोल भाजलं असेल तर ते तातडीचं. कडक झालेली त्वचा ताणत नाही, आत सूज वाढते, आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो किंवा श्वास घेता येत नाही.

तिसरं कारण आकार. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का. फोड आलेला किंवा त्याहून खोल भाग तेवढ्याने मोजा. नुसती लाली मोजू नका. मोठ्या माणसाच्या तीन तळहातांहून किंवा मुलाच्या स्वतःच्या दोन तळहातांहून जास्त असेल तर मलमपट्टीसाठी स्थानिक दवाखाना पुरेल असं गृहीत धरू नका, भाजण्याचा स्वतंत्र विभाग असलेल्या रुग्णालयाचा सल्ला घ्या. मुलांत १० टक्के आणि मोठ्यांत १५ टक्क्यांच्या पुढे शिरेतून सलाईन लागतं, कारण शरीरातलं पाणी जखमेतून आणि सुजेत निघून जातं. सुश्रुताची तहान आणि मूर्च्छा ती हीच.

चौथं कारण म्हणजे कशाने भाजलं. विजेचा धक्का असेल तर त्वचेवरून काहीच ठरवायचं नाही. आत जाताना एक छोटा करडा खड्डा, बाहेर पडताना दुसरा, आणि मधला सगळा स्नायू शिजलेला असू शकतो. लघवी कोलासारखी काळपट होणं ही त्याची खूण, आणि तेव्हा मूत्रपिंडं धोक्यात असतात. घरातल्या २३० व्होल्टच्या धक्क्यानंतरही बेशुद्धी, छातीत धडधड किंवा भाजल्याची खूण असेल तर ईसीजी काढायला हवा. मुंबईत रेल्वेच्या डब्यांवर चढलेली पोरं आम्ही पाहतो. तिथली तार २५,००० व्होल्टची, तिला हात लागावाही लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी झेप घेते. आम्ल, क्षार, संडास धुण्याचं द्रावण, सिमेंट यांनी भाजलं तर २० मिनिटांवर न थांबता धूत राहा आणि धूत असतानाच दवाखान्याची सोय बघा. कोरडा कळीचा चुना आधी झटकायचा, मगच पाणी, कारण पाण्याने तो तापतो. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलाच्या डोळ्यात फुटल्याचे प्रकार आपल्याकडे होतात. डोळा लगेच, भरपूर, पापण्या उघड्या धरून धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

बंद खोलीतल्या आगीत सापडलेला माणूस अंगावर एकही फोड नसला तरी न्यायचा. नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, घोगरा झालेला आवाज, ही श्वासनलिका भाजल्याची चिन्हं आहेत. सूज काही तासांनी येते आणि मग नळी घालणं अवघड होतं. त्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

पाचवं कारण माणूस. तान्हं बाळ आणि लहान मूल, साठीपुढची माणसं, गरोदर बाई, मधुमेही. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यामुळे ज्या चहाने आपल्याला फोड येईल त्याने त्यांना खोल भाजतं. मुलाला थोडंसंच भाजलं आणि दोन-तीन दिवसांनी ताप, पुरळ, उलट्या, सुस्ती आली तर जखम कितीही साधी दिसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जंतूंच्या विषाने होणारा हा शॉक मुलांत काही तासांत गंभीर होतो.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. भाजल्याची नोंद पोलिसांत होते म्हणून काही घरं रुग्णाला, विशेषतः सुनेला, घरीच ठेवतात. दोन्ही पायांवर मोज्यासारखी स्पष्ट रेघ असलेलं मुलाचं भाजणं, सांगितलेल्या हकिकतीशी न जुळणारं भाजणं, हे डॉक्टरांना ओळखता येतं आणि त्याची नोंद करणं त्यांचं कामच आहे. अपघात असेल तर नोंदीने कुणाचं बिघडत नाही.

बाकी उरतं ते घरी पाहण्यासारखं: नुसती लाली, किंवा तळहाताहून लहान, ओलं, गुलाबी, दुखणारं, फोड आलेलं भाजणं, दंडावर, पाठीवर किंवा मांडीवर. त्यालाही धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते पाहा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. दवाखान्यात जाताना किती वाजता भाजलं, कशाने, किती मिनिटं पाणी सोडलं आणि त्यावर काय काय लावलं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. घरी ठेवलेली जखम तिसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा पाहा. दुखणं वाढलं, वास आला, कडेची लाली पसरत चालली, किंवा दुखणं एकदम थांबून जागा पांढरी पडली, तर डॉक्टरकडे जा. आणि चौदा दिवसांत जखम बंद झाली नाही तर आणखी मलम बदलत बसू नका, ती प्लास्टिक सर्जनला दाखवा.